आधी जन्मतारीख विचारा

रात्रपाळीच्या फोनवर मी बसते त्याला आता चार वर्षं होतील. इंदूरच्या एका मुलांच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. रात्री दहानंतर ओपीडी बंद होते आणि आत फक्त इमर्जन्सी चालू असते. तेव्हा जे फोन येतात, त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीसाठी असतात: बाळाला ताप आहे, आत्ता आणू की सकाळी? मी डॉक्टर नाही. फोनवर निदान करणं किंवा औषध सांगणं माझं काम नाही. बाळ किती घाईने डॉक्टरांसमोर यायला हवं, एवढंच मला ठरवायचं असतं. आणि ते ठरवायचं असतं बाळाला न बघता, न हात लावता, फक्त समोरच्याच्या शब्दांवरून.

त्यासाठी आमच्याकडे प्रश्नांचा एक कागद असतो. मी रुजू झाले तेव्हाचा कागद इंग्रजीवरून हिंदीत केलेला होता आणि त्यात पहिला प्रश्न होता, बुखार कितना है? त्या कागदावर मी वर्षभर काम केलं. मग एका रात्री एका वडिलांचा फोन आला. मी विचारलं, ताप किती? ते म्हणाले, साडेशंभर. मनात आलं, फार नाही. विचारलं, दूध पी रही है ना? ते म्हणाले, हाँ हाँ. रडतेय, हातपाय हलवतेय, सगळं ठीक. मी त्यांना सकाळी नऊच्या ओपीडीला यायला सांगितलं. वय मी सर्वांत शेवटी विचारलं, तेसुद्धा फॉर्म भरायचा म्हणून. "ढाई महीने की है." मी लिहून घेतलं आणि फोन ठेवला. साडेशंभर हा आकडा माझ्या डोक्यात आधीच 'थोडा ताप' होऊन बसला होता, त्यामुळे अडीच महिने हे शब्द कानावरून गेले पण आत शिरलेच नाहीत. सकाळी ते बाळ आलं तेव्हा राखाडी पडलं होतं आणि तासाभरात त्याला आयसीयूत घ्यावं लागलं. बाळ वाचलं, पण बारा दिवस राहिलं. ते नऊ तास माझ्या सांगण्यामुळे गेले होते, हे मी त्याच दिवशी आमच्या मॅडमना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कागद घेऊन ये.

पुढचे तीन आठवडे आम्ही तो कागद नव्याने लिहिला. मॅडम, मी आणि रात्रपाळीच्या आणखी दोघी सिस्टर.

सर्वांत आधी तापाचा प्रश्न खाली गेला. सुरुवातीला आता चारच गोष्टी आहेत, आणि त्यांची उत्तरं मिळेपर्यंत नावसुद्धा विचारायचं नाही. श्वासाला त्रास होतोय का, ओठ आणि जीभ कोणत्या रंगाची आहे, उठवल्यावर उठतंय का, झटके आलेत का. यांतलं एकही बिघडलेलं असेल तर पुढचे प्रश्न नाहीत, सरळ १०८. देपालपूरकडून कोणी बोलत असेल तर गाडी यायला वेळ लागतो. तेव्हा घरची गाडी तयार असली तर मी इमर्जन्सीच्या डॉक्टरांनाच फोन देते, ते काय ते ठरवतात.

रंगाच्या प्रश्नावर आमचा बराच वाद झाला होता. मूळ कागदात होतं, त्वचा पांढरी किंवा निळी दिसते का? आपल्याकडच्या बाळांच्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर हे दिसत नाही, आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली तर मुळीच नाही. म्हणून आता आम्ही सांगतो, मोठा दिवा लावा, खालचा ओठ जरा ओढून आतून बघा, जीभ बघा, तळहात बघा. आईला आपल्या बाळाच्या ओठांचा रंग पक्का ठाऊक असतो. "रोज जैसा है या अलग?" असं विचारलं की नेमकं उत्तर येतं.

श्वासासाठी आमच्या भागातला शब्द आहे 'पसली चलना'. तो आम्ही तसाच घातला, मराठी बोलणाऱ्यांसाठीसुद्धा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, हे वाक्य वाचून दाखवलं की लोक गोंधळतात. पसली चल रही है क्या, म्हटलं की इंदूरची कुठलीही आजी क्षणात सांगते.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे जन्मतारीख. वय विचारायचं नाही, तारीखच विचारायची. कारण 'दोन महिन्यांचा होईल' याचा अर्थ पन्नास दिवस असू शकतो आणि ऐंशी दिवसही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप असेल, तर ते कितीही हसत-खेळत असलं तरी आत्ताच्या आत्ता यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. एवढ्या लहान जिवाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. लघवीतला, रक्तातला, मेंदूच्या आवरणातला जंतुसंसर्ग तापाखेरीज दुसरं काहीच न दाखवता आत वाढत असतो, आणि तो आहे की नाही हे तपासण्या केल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. मग मला फोनवर कुठून कळणार? म्हणून इथे माझा अंदाज चालवायचाच नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आयएमएनसीआय या नवजात बाळांच्या आणि लहान मुलांच्या आजारांवरच्या सरकारी प्रशिक्षणात काखेतला आकडा आणखी खाली धरतात, ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५. अंग ३५.५ च्या खाली थंड पडलं तर तेही तितकंच धोक्याचं मानतात. मॅडमनी काखेतल्या ९९.५ ची रेघ तीन महिन्यांपर्यंत सगळ्यांना लावली, कारण आपल्याकडे घरी थर्मामीटर काखेतच लावतात आणि काखेत आकडा थोडा कमी येतो.

तीन ते सहा महिन्यांत १०२.२ च्या वर गेलं तर त्याच रात्री डॉक्टरांशी बोलणं करून द्यायचं. सहा महिन्यांच्या पुढे मात्र मी आकड्यावर फारशी जात नाही. वर्षाचं मूल १०३ तापातही खेळणं मागत असतं, आणि १०१ मध्ये मान टाकून पडलेलं मूलही मी पाहिलंय. तिथे मूल कसं आहे ते महत्त्वाचं.

खरी मेहनत लागली ती प्रश्नांच्या शब्दांना. आमच्या बोलण्यात एक 'ना' असतो. पितोय ना? शू झाली ना? खेळतोय ना? हा 'ना' धीर देणारा वाटतो, पण तो उत्तर सांगूनच प्रश्न विचारतो. रात्री एक वाजता घाबरलेल्या माणसाला 'हो' ऐकवायचंच असतं, आणि आपण त्याच्या तोंडात ते ठेवून देतो. मॅडमनी लाल पेनने कागदातला एकेक 'ना' खोडला. आता प्रश्न असे आहेत: शेवटचं दूध किती वाजता प्यायलं? किती मिनिटं ओढलं? एरवी किती वेळाने पितं? शेवटची ओली लंगोटी किती वाजता बदलली? ही वाक्यं वाचताना सुरुवातीला मला पोलिसांसारखं वाटायचं, पण या प्रश्नांना 'हो' म्हणून सुटता येत नाही.

हा कागद आल्यावर महिनाभरातच, जानेवारीतल्या एका रात्री, एक वाजून वीस मिनिटांनी सुदामानगरमधून फोन आला. बाई हिंदीत बोलत होत्या. मी माझं नाव सांगितलं तशा लगेच मराठीवर आल्या. "अगं बाई, मराठी का तू? बरं झालं. नातवाला जरा ताप होता गं. उतरलाय आता. सकाळी किती वाजता आणू तेवढं सांग."

पहिल्या चार प्रश्नांच्याही आधी आमच्या कागदावर एक ओळ आहे: बाळ आत्ता कोणाच्या मांडीवर आहे? मी ती विचारली. बाळ आतल्या खोलीत आईजवळ होतं. "आजी, तुम्ही फोन घेऊन आत जाल का? आणि स्पीकर लावाल का?" हे मी प्रत्येकाला सांगते. बाहेरच्या खोलीतून बोलणारा माणूस तासाभरापूर्वीचं बाळ सांगत असतो.

आत गेल्यावर चारही उत्तरं बरी आली. पसली चालत नव्हती, ओठ रोजच्यासारखे होते, झटके नव्हते. उठतंय का विचारलं तर आजी म्हणाल्या, "इतका शांत झोपलाय, कशाला उठवायचं?" या 'शांत'ची मला भीती वाटते. बरं वाटतंय म्हणून झोपलेलं बाळ आणि अंगात त्राण नाही म्हणून पडलेलं बाळ, दोन्ही फोनवर शांतच असतात. मी म्हटलं, "आजी, मला त्याचा आवाज ऐकायचाय. आईला सांगा तळपायाला टिचकी मारायला." आईने मारली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग रडण्याचा आवाज आला, चांगला मोठा. डोळे उघडून त्याने आईकडे बघितलं. त्यामुळे १०८ ची गरज आत्ता नव्हती.

मग जन्मतारीख. आजी बोटांवर मोजायला लागल्या, आईने तारीख सांगितली. मी कॅलेंडरवर मोजलं: बावन्न दिवस. नऊ महिने पूर्ण भरून झालेला, वजन परवा केलं तेव्हा चार किलो तीनशे.

"ताप किती होता?"

"आत्ता नव्व्याण्णवसुद्धा नाही. आत्ताच लावलाय."

"सर्वांत जास्त किती दिसला होता, आणि किती वाजता?"

इथे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, "साडेदहाला एकशे एक होता. मग ड्रॉप्स दिले." ड्रॉप्स घरात होते कारण बाळाला दीड महिन्याची लस दिली होती आणि तेव्हा ताप आला तर द्यायला पॅरासिटामॉल लिहून दिलं होतं. मी बाटली हातात घेऊन वाचायला सांगितलं. ड्रॉप्सच्या एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, सिरपच्या पाच एमएलमध्ये १२० किंवा २५०. लोक दोन्हीला 'बुखार की दवा' म्हणतात आणि चमच्याने ड्रॉप्स पाजून बसतात, म्हणून बाटली वाचून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. इथे अर्धा एमएल दिला होता, म्हणजे ५० मिलिग्रॅम. त्याच्या वजनाला तो जास्त नव्हता. पण त्या अर्ध्या एमएलने तापाचा आकडा खाली आणला होता. ज्या कारणाने ताप आला, ते कारण जागेवरच होतं.

आजी म्हणाल्या, "टीक्याचा ताप आहे गं तो. टीका लागलं की येतोच. माझ्या तिन्ही मुलांना यायचा."

लस कोणत्या दिवशी दिली ते मी विचारलं. मंगळवारी. आणि हा फोन होता सोमवारची रात्र उलटून मंगळवार लागल्यानंतरचा. लसीचा ताप बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. मी पुढे विचारलं, "मंगळवारी आला होता का?" आला होता, त्याच संध्याकाळी, बुधवारी दुपारी गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार काही नाही. म्हणजे हा दुसरा ताप होता, आणि तो लसीच्या नावाखाली येऊन बसला होता. 'टीका लागलं होतं का?' एवढंच विचारलं असतं तर मला 'हो' मिळालं असतं आणि आम्ही दोघीही निवांत झालो असतो.

दुधाचा प्रश्न मी आईलाच विचारला. एरवी ती दर दोन-अडीच तासांनी अंगावर पाजत होती, पंधरा-वीस मिनिटं. आठ वाजता नीट प्यायला. अकराला घेतला तर दोन-चार घोट ओढून झोपला. त्यानंतर नाहीच. ओली लंगोटी सात वाजता बदललेली, तेव्हापासून कोरडी. "मला वाटलं झोपेत आहे म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मी तिला म्हटलं, ताई, वेळा तुमच्या लक्षात आहेत, त्याचा मला फार उपयोग होतोय.

मग श्वास मोजला. हे फोनवर करता येतं. बाळाचा सदरा वर करायचा, पोट दिसेल असा दिवा धरायचा, आणि पोट वर आलं की दर वेळी आईने 'हं' म्हणायचं. मी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट 'हं' मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि मग भरभर चालतो. बाळ रडत किंवा पीत असेल तर मोजत नाही. त्याला कडेवर थोडं थोपटून शांत केलं आणि मग मोजलं. चोपन्न. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद श्वास, म्हणजे हा बरा होता. पण बरा आकडा आला म्हणून निर्णय मागे घ्यायचा नसतो. बावन्न दिवस आणि एकशे एक, या दोन आकड्यांनी तो आधीच झालेला होता. बाकीच्या प्रश्नांनी फक्त ठरायचं होतं की गाडी घरची की १०८ ची.

मी सांगितलं, "आजी, सकाळी नाही. आत्ता निघायचं."

"एवढ्या थंडीत? रात्री दीड वाजता? सव्वा महिना नुकताच झालाय गं बाळंतिणीला. आणि ताप तर उतरलाय." त्या भांडत नव्हत्या. त्यांनी तीन मुलं वाढवली होती आणि मनापासून सांगत होत्या. अशा वेळी मी कागदावरचं वाक्य वाचून दाखवत नाही. म्हटलं, "आजी, तुमची तिघं मोठी झाली तेव्हा ताप आला की बाळ डॉक्टरकडे न्यायचंच म्हणायचात की नाही? हा तर दोन महिन्यांचासुद्धा नाही. ताप औषधाने उतरलाय, औषध संपलं की परत चढेल. आणि दुधाला तोंड लावत नाही, शू नाही, हे औषधाने झाकलं गेलेलं नाही." दोन क्षण शांतता. मग मागून एक पुरुषी आवाज आला, "चाबी कहाँ है?"

निघण्याआधी काय करायचं नाही तेही सांगते, कारण घाईत नेमकं तेच होतं. आणखी ड्रॉप्स द्यायचे नाहीत. गुटी, मध, पाणी काही नाही. थंड पाण्याने पुसायचं नाही. तीन दुलया गुंडाळायच्या नाहीत, एक कपडा आणि आईची शाल पुरे. वाटेत अंगावर घेऊन बघायचं. वाटेत निळा पडला, उठेनासा झाला किंवा पसली चालायला लागली तर जवळच्या कुठल्याही इमर्जन्सीत शिरायचं, आमच्यापर्यंत यायचा हट्ट नाही. ड्रॉप्सची बाटली आणि लसीचं कार्ड बरोबर. मग मी आईला म्हटलं, मी काय सांगितलं ते मला परत सांगा. तिने सांगितलं, फक्त कार्ड विसरली. मी फॉर्मवर लिहिलं, १.३८, आणि इमर्जन्सीत कळवलं. वीस मिनिटांनी परत फोन लावला, निघालेत का बघायला. ते राजवाड्यापाशी होते.

तीन वाजता वॉर्डमध्ये त्याचा ताप १०१.४ होता, औषध उतरल्यावर आलेला. लघवीचा नमुना नळीने घेतला, पिशवी लावून घेतलेल्यात बाहेरचे जंतू मिसळतात. त्यात पू दिसला. रक्त पाठवलं, पाठीतलं पाणीही काढलं, त्या वयात ते बऱ्याचदा करावं लागतं. आजी बाकावर बसून जप करत होत्या आणि मी त्यांना चहा नेऊन दिला. दोन दिवसांनी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला, पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, आणि किडनीची सोनोग्राफी करून मग घरी सोडलं. डिस्चार्जच्या दिवशी आजींनी मला विचारलं, "टीक्याचा आणि दुसरा ताप ओळखायचा कसा गं?" मी म्हटलं, आजी, दिवस मोजायचे, आणि तीन महिन्यांच्या आत असेल तर ओळखत बसायचंच नाही.

त्या फोननंतर कागदावर दोन ओळींत बदल केला. पूर्वी होतं, ताप किती आहे? आता आहे, औषध देण्याआधी सर्वांत जास्त किती दिसला आणि किती वाजता? लसीच्या ओळीत 'कोणत्या वारी' आलं, आणि त्याखाली 'मध्ये किती दिवस ताप नव्हता'.

एक गोष्ट मात्र अजून रोज अडते. बऱ्याच घरांत थर्मामीटरच नसतो. परवा महूकडची एक मुलगी बोलत होती, तिचं बाळ चाळीस दिवसांचं. "मीटर नहीं है दीदी, पर पेट और पीठ गरम लग रही है. हाथ-पैर तो ठंडे हैं." मी विचारलं, किती कपडे घातलेत? एक स्वेटर, एक दुपटं. काढायला सांगितलं, आणि आपला हात आधी स्वतःच्या पोटाला आणि मग बाळाच्या पोटाला लावून बघायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी मी फोन केला. गरमच होतं. बाहेरून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हटलं, बाळाला तुमच्या छातीशी धरा, शाल दोघांवर घ्या, इथे आल्यावर मी मोजते.